वरची एक मूठ

बाळाकाकूंनी नगरपरिषदेत आमच्याविरुद्ध अर्ज दिला, हे आम्हाला सगळ्यात शेवटी कळलं. हुपरीत असंच असतं. बातमी आधी गल्लीला कळते, मग बसस्टँडला, आणि ज्याच्यावर बालंट आलंय त्याला दूधवाला सांगतो. दूधवाल्यानं किटली खाली ठेवता ठेवता विचारलं, "टब बंद करणार म्हणं तुमचा?" आणि माझ्या हातातलं पातेलं तसंच राहिलं.

टब म्हणजे माझ्या सासऱ्यांचं सगळं आयुष्य. आकाराम त्यांचं नाव, पण घरात आम्ही सगळे, त्यांचा मुलगासुद्धा, त्यांना मामाच म्हणतो. आमच्या गल्लीत घराघरात चांदीचे पैंजण होतात. भट्टीवर तापवून झाळलेले, म्हणजे डाग देऊन सांधलेले पैंजण काळेठिक्कर पडतात. ते पातळ केलेल्या तेजाबात बुडवायचे, काळं सुटलं की साध्या पाण्यात धुवायचे आणि मग रिठ्याच्या पाण्यात ब्रशनं घासायचे. तेव्हा कुठं चांदी चांदीसारखी दिसते. नजर गेल्यापासून मामांना बारीक काम जमत नाही, पण तेजाबाच्या टबावर मात्र आजूबाजूच्या चार घरांचा माल त्यांच्याकडेच येतो. पैंजण कधी बाहेर काढायचा हे त्यांना वासावरून कळतं. टब बंद म्हणजे मामा बंद. आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, गेल्यावर त्यांना उभं ठेवलंय ते त्या टबानं, आम्ही नव्हे.

आणि बाळाकाकू कुणी परक्या नव्हत्या. मधल्या भिंतीपलीकडचं घर त्यांचं. मामा त्यांना वैनी म्हणतात, त्या मामांना भावजी. माझ्या लग्नात माझी ओटी त्यांनीच भरली होती. त्यांच्या परड्यात भिंतीपासून दारापर्यंत अनंताच्या झाडांची रांग आहे. उन्हाळ्यात पांढऱ्याशुभ्र फुलांची पाटी पहिल्या एसटीनं कोल्हापूरला जायची आणि सगळी गल्ली त्या वासानं जागी व्हायची. दोन वर्षांपासून ती झाडं पिवळी पडत चालली होती. यंदा तर कळ्याच गळून पडल्या.

मी तडक भिंतीशी गेले. माझा स्वभाव असा की आधी तोंड उघडतं आणि मग डोकं.

"काकू, अर्ज द्यायच्या आधी एक हाक मारली असती तर जीभ झिजली असती काय?"

काकूंनी एक फांदी मोडली आणि भिंतीवरून आमच्या अंगणात फेकली. कोवळी पानं लिंबासारखी पिवळी, त्यांत शिरा तेवढ्या हिरव्या. "हे बघ. आणि हितली माती बघ, कशी पांढरी फटक पडल्या. तुमच्या तेजाबाचं मीठ हाय ते. हाका मारू मारू थकले मी. तुझ्या नवऱ्याला दोनदा सांगितलं. हसला की त्यो!"

माझा नवरा ऋतुराज मागंच उभा होता. यावेळी तो हसला नाही.

मामा ब्रश हातात घेऊनच बाहेर आले. "वैनी, आमचं तेजाब तुमच्याकडं येतंय कुठं? टबात भरल्यालं टबातच ऱ्हातंय. धुण्याचं पाणी तेवढं टाक्यात पडतंय. आनि त्यात बी मी रोज चुना टाकतोय. तेजाब मेल्याशिवाय एक थेंब भाईर सोडत न्हाय मी. ह्या हातानं कुनाचं वाईट केलं न्हाय."

ते खरं होतं. रोज संध्याकाळी मामा धुण्याच्या टाक्याशी बसायचे आणि पाण्यात चुना कालवायचे. फसफस थांबली की तेजाब मेलं. पण तेवढ्यावर ते कधी उठले नाहीत. माप भरल्यावर वर एक मूठ टाकायची, ती देवाची, असं त्यांच्या आईनं धान्य मोजताना शिकवलेलं. तेच ते चुन्यालाही लावायचे. फसफस थांबली तरी वर आणखी एक मूठ. "शेजाऱ्याच्या जिवाला घोर नको," म्हणायचे. मग ते दुधाळ पाणी भिंतीलगतच्या चरात सोडून द्यायचे.

काकू मात्र ऐकायला तयार नव्हत्या. "शुक्रवारी साहेब येनार हाय. त्यो काय बगायचं ते बगंल," म्हणाल्या आणि पाठ फिरवली.

मामांनी ती पिवळी फांदी उचलली, कपाळाला लावली आणि तुळशीशी ठेवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

माझा भाऊ विश्वजित गडमुडशिंगीत छोटी नर्सरी चालवतो. त्याला फोन केला. तो म्हणाला, अनंताला आंबट माती लागते. आंबटपणा मोजायची स्वस्तातली पेटी त्याच्याकडे होती, ती त्यानं दुपारच्या एसटीनं कंडक्टरच्या हाती पाठवली. पेटी कसली, साबणाच्या वडीएवढा खोका. आत झाकणाच्या तीन काचनळ्या, रंगाची एक बाटली आणि रंगांचा एक कागद. माती आंबट असेल तर पाणी पिवळं, नारिंगी, फार आंबट असेल तर लाल. ना आंबट ना खारी असेल तर हिरवं. आणि चुन्याकडे झुकलेली असेल तर निळं.

ऋतुराज खूश झाला. "तेजाब असलं तर लाल आलं पायजे. न्हाय आलं तर आपन सुटलो!"

मला मातीसाठी काकूंच्या परड्यात जायला लागणार होतं. काकू दारातच आडव्या झाल्या. "मी काढून देते. तू हात लावायचा न्हाईस."

"तुम्हीच काढा. फक्त वरचा थर बाजूला करा, मुळांजवळची, वीतभर खालची माती पायजे. भिंतीजवळच्या झाडाची, मधल्या झाडाची आणि दारातल्या झाडाची. तीन वेगळ्या पुड्या."

काकूंनी खुरपं घेतलं. मी तिथंच उभी राहून रांग बघितली. दारातलं झाड बऱ्यापैकी हिरवं होतं. मधलं फिकट. भिंतीजवळची दोन तर काविळीच्या माणसासारखी दिसत होती. तेव्हाच मला शंका आली, पण म्हटलं, बघू.

"ही माती आमच्याकडची काळी न्हाय," मी म्हणाले.

"कशी असंल? लावताना खड्ड्यात आंबा घाटाकडची तांबडी माती भरल्या. ट्रॅक्टर सांगून आणली हुती. तुझ्या सासऱ्यानंच ट्रॅक्टर बगून दिला हुता तवा," काकू म्हणाल्या, आणि खुरपं पुन्हा मातीत घातलं.

पुड्या घरी आणून माती पेपरवर वाळवली, खडे काढले. नळीत एक भाग माती, त्याच्या अडीचपट पाणी, झाकण लावून हलवायचं, अर्धा तास निवळू द्यायचं आणि वरच्या स्वच्छ पाण्यात रंगाचे थेंब टाकायचे. मी अंगणातल्या बोअरचं पाणी घातलं. तिन्ही नळ्या निळसर आल्या. दारातलीही.

ऋतुराज टाळ्या पिटायचा तेवढा बाकी होता. "लाल कुठंच न्हाय! आनि सगळीकडं सारखंच. म्हंजे ही मातीचीच खोट हाय, आपला काय संबंध न्हाय. मामा, ऐकलं का?"

मामांनी हात जोडले, कुणाला कोण जाणे. त्या संध्याकाळी ते कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

मी विश्वजितला कळवलं. तो म्हणाला, "आंबा घाटाकडची तांबडी माती, आणि निळी? कसं शक्य आहे? पाणी कुठलं घातलंस?"

"बोअरचं."

"अगं, हुपरीचं बोअर म्हणजे क्षारांचा काढा. बादलीला पांढरा थर धरतो तुमच्याकडं. तू मातीचा आंबटपणा नाही, तुझ्या पाण्याचा खारेपणा मोजलायस. गॅरेजमधून बॅटरीत घालतात ते पाणी आण. बाटलीवर नीट बघ, पाणीच आण, बॅटरीचं ॲसिड नको. त्या पाण्यात कसलाच क्षार नसतो. त्याच्यात पुन्हा कर."

पुन्हा केलं. घरात कुणी नव्हतं, मामा टबाशी होते. दारातल्या झाडाची नळी पिवळी आली. अनंताला हवी तशी, आंबटसर. मधली हिरवी. आणि भिंतीजवळची निळी, गडद निळी.

मी नळ्या खिडकीत ओळीनं ठेवल्या आणि बघत राहिले. दारात चांगली माती, आमच्या भिंतीकडे सरकेल तसा चुना चढत गेलेला. तेजाबाचा एक कण नव्हता. मामांचा शब्द शंभर टक्के खरा होता. आणि झाडं मात्र आमच्याच पाण्यानं मरत होती. तेजाबानं नाही, तेजाब मारायला टाकलेल्या चुन्यानं. देवाच्या त्या मुठीनं. अशा मातीत लोह असतं, पण मुळांना ते उचलता येत नाही. म्हणून कोवळं पान पिवळं आणि शीर हिरवी. ताट वाढलेलं आणि तोंड बांधलेलं.

ऋतुराज आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. तो नळ्यांकडे बघत भिंतीला टेकला. मग एकदम सरळ झाला.

"मग सोप्पं हाय की. चुना जास्त झालाय न्हवं? आपल्याकडं तेजाब पडलंय. पातळ करून भिंतीकडनं वतू. चुना मरंल."

"आणि मुळं? आणि उद्या साहेबानं नेमकी तीच माती तपासली तर लाल येईल! काकूंचा अर्ज आपण आपल्या हातानं खरा करायचा?"

तो हळू आवाजात म्हणाला, "मग उद्या साहेबापुढं बोअरच्याच पान्यात कर. पयल्यासारखं. तिनी निळ्या येतील. खोटं थोडंच हाय? आपलंच पानी, आपलीच माती. अनुजा, म्हाताऱ्याचा टब गेला तर म्हातारा उठायचा न्हाय. तुला झाडं मोठी का मानूस?"

मामांच्या टबातला पैंजण पाण्यातून वर आला की ते तो उजेडात धरतात आणि तोंडानं "आता बग" एवढंच म्हणतात. रोजचंच, पण दर वेळी नव्यानं. तो आवाज बंद पाडायचा तो मी? ज्या सुनेला त्यांनी एका शब्दानं कधी दुखावलं नाही तिनं? मला स्वतःचा, त्या पेटीचा, विश्वजितचा, सगळ्यांचा राग आला.

शुक्रवारी नगरपरिषदेचे निरीक्षक आले. तरुण होते, घामाघूम झालेले, बोलायला सरळ. गल्लीतली अर्धी माणसं आमच्या अंगणात. काकू भिंतीशी, पदर कमरेला खोचून. मामांनी स्वच्छ शर्ट घातला होता, टोपी घातली होती, आणि टबावर गोणपाट टाकलं होतं, जसं काही पाहुण्यांपुढं झाकायचं असतं.

"असं आहे," साहेब म्हणाले, "तेजाब जमिनीत जात असेल तर मला टब सील करावा लागेल, नाइलाज आहे. मातीचा नमुना प्रयोगशाळेत पाठवतो, पण तोपर्यंत काम बंद ठेवायला लागेल."

"तोपर्यंत म्हंजे?" मामांनी विचारलं.

"महिना, दोन महिने. सांगता येत नाही."

मामांनी टबावरचं गोणपाट नीट केलं.

ऋतुराज पुढे झाला. "साहेब, आमच्या मिसेसकडं माती तपासायची पेटी हाय. हितंच बगा की तुमी. डोळ्यांदेखत."

साहेबांनी पेटी उलटसुलट करून बघितली. "ही काय पुरावा म्हणून चालत नाही. पण अंदाज येईल. तेजाब नसल्याचं दिसलं तर सील न करता नमुना पाठवतो. करा."

काकूंनीच पुन्हा माती काढून दिली, तीन ठिकाणची. ती वाळेपर्यंत थांबायला वेळ नव्हता. मी हातानं चुरून खडे काढले. ओट्यावर ऋतुराजनं तांब्या भरून ठेवला होता. बोअरचं पाणी. माझी बॅटरीच्या पाण्याची बाटली खिडकीत होती, चार पावलांवर. त्याची नजर माझ्यावर होती. मी तांब्या उचलला. तो जड होता, काठोकाठ भरलेला.

मामा म्हणाले, "कर पोरी. भिऊ नगंस. खरं असंल ते दिसंल."

तेवढं ते बोलले नसते तर मी काय केलं असतं, मला ठाऊक नाही. मी तांब्या खाली ठेवला, खिडकीकडे गेले आणि बाटली आणली.

"ते कशाला?" साहेबांनी विचारलं.

"आमच्या पाण्यात क्षार आहेत. ह्यात नाहीत." मी ऋतुराजकडे बघितलं नाही.

नळ्या भरल्या, हलवल्या आणि ओट्यावर उभ्या केल्या. मग अर्धा तास. त्या अर्ध्या तासाइतका लांब वेळ मी आयुष्यात बघितला नाही. चहा झाला. कुणीतरी सिलिंडरचे दर काढले, कुणी शिरोळच्या पुराचं काढलं. माती हळूहळू खाली बसत होती. ऋतुराज मागच्या दाराशी जाऊन उभा राहिला, पाठ करून.

मी रंगाचे थेंब टाकले. भिंतीजवळची नळी आधी. निळी.

साहेबांनी कागदाशी ताडून बघितली. "तेजाब नाही. उलट बाजू आहे. मावशी, तुमचा समज चुकीचा दिसतोय."

गल्लीतून एकच आवाज झाला. कुणीतरी मामांच्या पाठीवर थाप मारली. मामांनी टोपी काढली, पुन्हा घातली, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता इथंच थांबावं. साहेब पेन खिशात ठेवत होते. इथं थांबलं असतं तरी खोटं कुणीच बोललं नव्हतं.

काकू मात्र जागच्या हलल्या नव्हत्या. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता. "मग माझी झाडं कशानं मरत्यात?"

"साहेब, थांबा," मी म्हणाले. "अजून दोन नळ्या आहेत."

मधली हिरवी झाली. दारातली पिवळी. मी तिन्ही ओळीनं धरल्या. "ही दारातली माती, अनंताला पायजे तशी. ही मधली. ही आमच्या भिंतीची. सगळीकडं एकच तांबडी माती भरलेली. जशी आमची भिंत जवळ येते तसा चुना वाढतो." मग जे म्हणायचं होतं ते म्हणाले, "मामा, तेजाब नव्हे. चुना. आपल्या टाक्यातला."

मामा माझ्याकडे असं बघत होते, जसं मी भलत्याच भाषेत बोलले.

"चुन्यानं वाईट हुतंय? पोरी, चुना मी चांगल्यासाठी टाकतोय. तेजाब मरावं म्हनून. वर एक मूठ जास्तीच टाकतोय!"

"तीच मूठ मामा. तेजाब मारून उरलेला चुना पाण्याबरोबर चरातून पलीकडं मुरतो."

"ह्या रंगाच्या पान्यावर माजा इस्वास न्हाय," मामा म्हणाले. त्यांचा आवाज मी एवढा चढलेला कधी ऐकला नव्हता. "मी माज्या पद्धतीनं बगतो."

ते आत गेले आणि तेजाबाची छोटी बाटली आणि काचेची नळी घेऊन आले. चांदीच्या माणसाला दुसरं काय माहीत असणार? चुन्यावर तेजाब पडलं की फसफसतं. रोज संध्याकाळी ते तेच तर बघत होते. काकूंनी दारातल्या झाडाची चिमूटभर माती कौलाच्या तुकड्यावर दिली. मामांनी एक थेंब सोडला. माती ओली झाली, बास. काही नाही. मामांनी गल्लीकडे बघितलं, बघा म्हणून.

मग भिंतीजवळची माती. थेंब पडला आणि ती माती उकळल्यासारखी फसफसली. पांढरा फेस वर आला आणि बसला. मामांनी आणखी एक थेंब टाकला. पुन्हा फेस.

मग कौल हळूच खाली ठेवलं.

"लिवा साहेब," म्हणाले, "माजंच पानी हाय. सील करा."

"आजोबा, तेजाब तर नाही ना—"

"झाडं तर मेली न्हवं? तेजाबानं मेली काय आनि चुन्यानं मेली काय, वैनीला काय फरक पडतोय? लिवा."

साहेबांनी लिहिलं, पण सील केलं नाही. धुण्याचं पाणी चरात सोडायचं नाही, पिंपात साठवून तिथंच तेजाब मारायचं, आणि पिंप न्यायला नगरपरिषदेची गाडी येईल, चर बुजवायचा, आणि हे होईपर्यंत टब बंद. नमुना प्रयोगशाळेत. एवढं बोलून ते गेले. माणसंही पांगली. काकू मागं राहिल्या, काहीतरी बोलणार होत्या, पण मामा आत निघून गेले होते.

त्यानंतर मामा माझ्याशी बोलेनात. रागानं नाही. राग असता तर मी भांडून मोकळी झाले असते. मी ताट वाढायची, ते मान खाली घालून जेवायचे. ऋतुराज बोलायचा, पण नुसतं टोचायला. "खरं बोलून काय मिळालं ते बगितलंस?" मी म्हणायची, "काय मिळालं ते माहीत नाही. बोअरच्या पाण्यानं काय गेलं असतं ते माहीत आहे." आणि रात्री उशी ओली करायची, कारण खरंतर मलाही नक्की माहीत नव्हतं.

मामांनी चर स्वतः बुजवला. ऋतुराजला हात लावू दिला नाही. मग एक दिवस फावडं घेऊन ते काकूंच्या परड्याच्या दारात उभे राहिले.

"वैनी, येऊ का?"

"या की भावजी. दार काय आज नवीन लावलंय?"

भिंतीजवळचा पांढरा थर त्यांनी खरवडून काढला. विश्वजित आला, तांबडी माती आणि पालापाचोळ्याचं कुजलेलं खत घेऊन. ऋतुराजनं इथंही विचारलंच, तेजाबानं लगेच काम होणार नाही का. त्यावर मामा इतक्या दिवसांनी पहिल्यांदा मोठ्यानं बोलले. "एक घाई करून बसलोय, दुसरी कशाला? मुळं जाळायची हायत का?"

विश्वजितनं गंधकाची पूड दिली, अगदी बेतानं, मातीत हलकेच कालवायला. गंधक आपोआप आंबट होत नाही. मातीतले जिवाणू ते सावकाश आंबट करतात, त्यांना ओल लागते, ऊब लागते आणि महिने लागतात. झाडाला तोवर दम निघावा म्हणून अगदी थोडं हिराकस पाण्यातून, म्हणजे मुळांना तेवढं तरी लोह मिळेल. बोअरचं पाणी अनंताला बंद. पावसाचं साठवायचं. आणि दीड-दोन महिन्यांनी पुन्हा नळी बघून मगच आणखी गंधक, न बघता चिमूटही नाही.

"न बगता चिमूट बी न्हाय," मामा स्वतःशीच पुटपुटले.

मातीत तेजाब नसल्याचा प्रयोगशाळेचा कागद आला, पिंप बसलं, टब उघडला. मामा टबाशी बसले, पण "आता बग" म्हणेनात. भिंतीला अगदी चिकटून असलेलं झाड पावसाळ्यात वाळलं ते वाळलंच. काकूंनी ते उपटलं नाही. मला वाटतं, त्यांना मामांच्या डोळ्यांदेखत उपटायचं नव्हतं. नळीतलं पाणी निळ्याचं निळसर हिरवं झालं, दिवाळीनंतर हिरवं झालं, आणि थंडी सरताना हिरव्यात पिवळी झाक आली. नवी पालवी हिरवी निघाली. तेव्हा काकू भिंतीवरून नुसतं ओरडल्या, "भावजी, पान बगा!" आणि मामा चप्पल न घालता धावले.

एके संध्याकाळी मामा पिंपाशी बसले होते. चुन्याची पिशवी उघडी होती. मी तुळशीला पाणी घालत होते. त्यांनी मान न वळवता हाक मारली. "अनुजा, तुजी ती नळी आन."

किती महिन्यांनी माझं नाव त्यांच्या तोंडून ऐकलं. मी पेटी आणली. पिंपातल्या धुण्याच्या पाण्याचा एक भाग नळीत घेतला, थेंब टाकला. लाल. मामांनी चुना कालवला. पुन्हा नळी. नारिंगी. आणखी चुना, सावकाश. पिवळी. आणखी थोडा.

हिरवी.

"झालं," मी म्हणाले. "इथं थांबायचं."

मामांचा हात सवयीनं पिशवीत गेला होता. मूठ भरून वर आली. पिंपावर थांबली. भिंतीपलीकडून काकू बघत होत्या, अनंताच्या पहिल्या फुलांची परडी हातात धरून. त्यांनी गंमत केली, "टाका की भावजी. देवाची वरची मूठ ऱ्हायलीच."

मामांनी ती मूठ पिशवीवर नेली आणि सोडली. चुना परत पडला. त्यांनी तळहात झटकला, पुन्हा झटकला.

"न्हाय वैनी," ते म्हणाले. "देवाचं माप बी हिरव्यावरच थांबतंय."

काकूंनी परडी भिंतीवरून पुढे केली. मामांचे हात चुन्यानं भरलेले होते, म्हणून फूल त्यांनी घेतलं नाही. म्हणाले, "पोरीला द्या." मी ते घेतलं आणि आत देवापाशी ठेवायला गेले. मागून टबातलं पाणी हललं, आणि मामा एक पैंजण उजेडात धरून म्हणाले, "आता बग."